आठ तारखेचा पिवळा चौकोन

माझी वहिनी कपडे शिवते. बुटीक म्हणजे घराची पुढची खोली. तिथे कापायचं टेबल, एक मशीन, उंच आरसा आणि दारावर पाटी. मालकीण, कारागीर, झाडू मारणारी सगळं ती एकटीच. मी तिची नणंद, निवृत्त आणि रिकामटेकडी. म्हणून व्हिडिओंचं खातं माझ्या गळ्यात पडलं.

महिना संपत आला की आम्ही पुढच्या महिन्याचा तक्ता भिंतीवर लावतो. बारा व्हिडिओ, एकही तीस-चाळीस सेकंदांहून मोठा नाही. लाल चौकोन सवलतीचे, तीनच. रोज उठून 'स्वस्त, स्वस्त' ओरडलं की लोक पाठ फिरवतात. हिरवे पाच, पुराव्याचे: ढगळ कपडा बेतात बसवला तो आधी आणि नंतर, किंवा एखादी गिऱ्हाईक, तिला विचारून. उरलेले चार पिवळे, वहिनीचे स्वतःचे. माणूस आवडला तरच लोक पायरी चढतात, हे माझं मत. दोन दुपारी बसून सगळे टिपायचे. दर व्हिडिओला वहिनी ओढणी बदलते, म्हणजे दिवस वेगळा वाटतो. मग तारखा लावून ठेवायच्या, ते आपोआप जातात.

त्या महिन्यात आठ तारखेच्या पिवळ्या चौकोनात मी लिहिलं होतं, 'वहिनीचे हात'. तिचं हातकाम म्हणजे तिचं नाव. फोन तिच्या बोटांजवळ नेला. सुईत दोरा जाईना. एकदा, तीनदा. मग मला दिसलं की उजवा हात थरथरतोय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाच महिने झाले. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जरा थांबेल, पण वाढणारच." तिने सुई उशीत खोचली. "मागच्या वर्षीचा व्हिडिओ आहे ना? तोच टाका."

मी टाकला. वर नवीन ओळी लिहिल्या, गाणं बदललं. चोराच्या उलट्या बोंबा नकोत, म्हणून सांगते, पाप माझंही आहे.

आजवरचा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ तोच ठरला. दहा तारखेला एक बाई कापड घेऊन आल्या. मुलीच्या लग्नाचा ड्रेस हवा होता, गळ्यापासून घेरापर्यंत हातकाम, दीड महिन्यात. वहिनीने चार वर्षं अशा कामाची वाट पाहिली होती. मी मनातल्या मनात त्या ड्रेसचा हिरवा चौकोनही रंगवून टाकला.

"दुकानं दहा पाहिली," बाई म्हणाल्या. "पण परवा तुमचे हात बघितले आणि ठरवलं, काम इथेच द्यायचं."

वहिनी टेप घेऊन उभी होती. टेपचं टोक हलत होतं. मी डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा, बाहेरून करून घेऊ. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. टेप खाली ठेवला आणि हात टेबलावर उघडा पसरला.

"तो व्हिडिओ मागच्या वर्षीचा आहे. आत्ताचे हात हे. मशीनवर मी अजून सरळ शिवते, बेतही चुकत नाही. पण हे काम माझ्याने होणार नाही."

बाईंनी कापडाची घडी घातली. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाल्या आणि कापड घेऊन गेल्या. मला इतका राग आला की मी पाणीसुद्धा प्यायले नाही. हाता-तोंडाशी आलेला घास होता तो. मी तेच बोलले.

"ताई, दीड महिन्याने त्या काय घेऊन गेल्या असत्या?" वहिनीने विचारलं.

तिने जुना व्हिडिओ खात्यावरून काढायला लावला. मग म्हणाली, फोन धरा. ओढणी बदलली नाही. हात समोर धरला, तो थरथरत राहिला, आणि तिने बाईंना सांगितलं तेच सांगितलं. पंचवीस सेकंद, एकाच दमात. पुन्हा घ्यायचं नाही म्हणाली.

"हा कुठे लावू? आठ तारखेच्या पिवळ्यात?"

"नको. हिरव्यात. पुढचा कुठला?"

"बावीस. पण हिरवा पुराव्याचा."

"हो," ती म्हणाली.

तो फार कुणी पाहिला नाही. हातकामाच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी काम दुसरीकडे नेलं. तिसरीने मात्र तीन ड्रेस मशीनवर शिवायला आणून दिले. पुढच्या तक्त्यात वहिनीने 'हातकाम' हा शब्द कुठेच लिहू दिला नाही.

जुना व्हिडिओ मी सगळीकडून काढला, माझ्या फोनवरून मात्र नाही. परवा वहिनीने तो मागितला. आरशाजवळ उभी राहून आवाज बंद करून पाहिला. त्यात दोरा पहिल्याच झटक्यात सुईत गेला, आणि तिने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला.