चौथी खुर्ची

आमच्या प्रकाशन कचेरीत चार खुर्च्या आहेत. एक मालकांची, एक हिशेबनिसांची, एक मुद्रितं तपासणाऱ्याची म्हणजे माझी, आणि चौथी संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंची. बाईंचं नाव मी सांगणार नाही. त्यांचं टोपणनावही नाही. शब्द दिलाय.

बाई म्हणजे खाली मुंडी पाताळ धुंडी. अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून दुसऱ्यांची पुस्तकं जुळवली आणि एक दिवस स्वतःची कादंबरी मालकांपुढे ठेवली. मी वीस वर्षं लिहितोय. माझं बाड मालकांनी दोनदा 'छान आहे' म्हणून परत केलं. हिचं एका आठवड्यात स्वीकारलं! माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते आजतागायत थांबलेलं नाही.

कादंबरी एका घराची होती. सून, सासू आणि दोघींमधली भिंत. बाई स्वतः सासूबरोबरच राहतात, नवरा परगावी नोकरीला. नाव उघड झालं तर त्याच घरात रोज कुठल्या तोंडाने जेवणार? म्हणून टोपणनाव. मालकांनी एक सुचवलं, त्यात बाईंच्या नावाची आद्याक्षरं तशीच होती, ते बाद. दुसरं वाचनालयाच्या यादीत शोधलं तर त्या नावाचा एक लेखक आधीच निघाला. शेवटी बाईंनी एका पुरुषाचं नाव घेतलं, कारण सुनेवर संशय नको. करार खऱ्या नावाने, त्यातच टोपणनावाची नोंद. पैसे खऱ्या नावाच्या खात्यात. पुस्तकावर फोटो नाही, पत्रं कचेरीच्या पत्त्यावर, आतल्या पानावर लेखनाच्या हक्कांच्या ओळीतही टोपणनावच. हे मालकांना, हिशेबनिसांना आणि मला ठाऊक.

पुस्तक चाललं. वाचकांची पत्रं यायची, बाई ती पदराआड वाचायच्या आणि मी चष्मा पुसत बसायचो. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मालकांनी हक्कांचं पान नव्याने करायला सांगितलं आणि मजकूर करारावरून उतरवून दिला. बाईंनी तो जसाच्या तसा जुळवला. दुसऱ्याच्या नावात काना चुकला तर त्यांना लगेच दिसतो, पण स्वतःचं नाव बोटांच्या इतक्या सवयीचं की नजर त्यावर थांबलीच नाही. मुद्रित माझ्या टेबलावर आलं. हक्कांच्या चिन्हापुढे बाईंचं खरं नाव, आडनावासकट.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त न पाहिल्यासारखं करायचं आणि खाली सही ठोकायची. हजार प्रती निघाल्या असत्या. सगळ्यांच्याच चुका होतात, माझीही एक झाली असती. मी सही केली.

तेवढ्यात दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या. हातात वाचनालयाचं पुस्तक, तेच. जुळणीच्या बाई ताडकन उठल्या.

"आई, तुम्ही इथे?"

"तुझ्याकडे नाही आले. ह्या लेखकाला भेटायचंय." मग माझ्या टेबलापाशी येऊन, त्यावर हात टेकून, "भाऊ, पत्ता देता का ह्यांचा?"

"पत्ता देत नाही आम्ही," मी म्हणालो.

"मग निरोप तरी द्या. ह्यातली सासू कोठीचं दार लावून रडते ना, पाण्याचा नळ सोडून? हे ह्याला कुणी सांगितलं? मी जन्मात कुणाला सांगितलं नाही."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मुद्रित म्हातारीच्या हाताखाली होतं, तिच्या सुनेचं नाव वर तोंड करून. मी चष्म्याचं घर त्यावर ठेवलं. का ठेवलं, देव जाणे.

म्हातारी माझा चष्मा, टक्कल, शाईची बोटं निरखत राहिली. "तुम्ही तर नाही ना हो लिहिलं?"

वीस वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"हो," मी म्हणालो. "मीच. पण बाहेर बोलू नका."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. "एवढी वर्षं वाटायचं, माझं रडणं कुणालाच दिसलं नाही. तुम्हाला दिसलं. सुखी राहा." तिचे डोळे भरले. माझेही भरले, ती चोरी होती तरी. आयत्या बिळावर नागोबा कसा सुखात बसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

ती गेली. मी चष्म्याचं घर उचललं, सही खोडली, बाईंचं नाव लाल शाईने आडवं कापलं आणि समासात टोपणनाव लिहिलं. बाईंनी पान पाहिलं. त्यांना सगळं कळलं, आधीची सहीसुद्धा. मला वाटलं, आभार मानतील किंवा शिव्या घालतील.

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, म्हातारीने धरलेल्या. ती नजर मी लगेच ओळखली. वीस वर्षं माझीच होती.