रागातला होकार

माझं पहिलं प्रेम हापशावर झालं आणि हापशावरच मोडलं. ते प्रेमच होतं, हे मी आधीच सांगून टाकते. 'वयच तसं असतं' म्हणणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटले. सोळाव्या वर्षी बोट कापलं तर कुणी म्हणत नाही की वयच तसं आहे, रक्त खरं नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. बाबा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. नांदेडहून त्यांची बदली नव्या कचेरीत झाली आणि आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेऊन इथं आलो. शहरात जिकडे तिकडे नव्या पाट्या लागत होत्या, साहेब लोक उतरत होते, आणि पाण्याचा मात्र पत्ता नव्हता. पावसानं सलग दगा दिला होता. नळ नावालाच होते. सगळी गल्ली एका हापशावर जगत होती. सकाळी उजाडायच्या आत आणि परत संध्याकाळी घागर नेऊन नंबर लावायचा आणि मग लिंबाखाली बसून राहायचं. रांगेत माणसं नसत, घागरीच असत. रांग हलली की ज्यानं त्यानं उठून आपली घागर पुढं सरकवायची.

माझी घागर तो सरकवायचा. आमच्या पलीकडच्या वळणावर त्यांचं माडीचं घर होतं, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत होती. तो बारावीला होता, मी अकरावीला. मी लिंबाखाली पुस्तक घेऊन बसलेली असे. तो आपली घागर पुढं नेताना माझीही उचलून पुढं ठेवायचा, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. आमच्या घागरीला त्याच्या घरच्या माणसानं हात लावणं म्हणजे काय, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं. आम्ही बौद्ध. तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण बायका आपली घागर आमच्या घागरीपासून वीतभर लांब ठेवत. तो मात्र खेटून ठेवायचा. मी त्या खेटून ठेवण्यावर भाळले. भाळण्यासारखंच होतं ते.

पुढं कॉलेजच्या वाटेवर बोलणं सुरू झालं. मोंढ्यातून आणलेले शेंगदाणे तो माझ्या ओंजळीत ओतायचा. "बारावी होऊ दे, घरी सांगतो," म्हणायचा. मी विश्वास ठेवला.

मग एक दिवस त्याची आई स्वतः हापशावर आली. त्याची घागर भरून झाली होती. ती काखेत घेऊन निघता निघता त्यानं सवयीनं दुसऱ्या हातानं माझी घागर पुढं सरकवली. त्याची आई नुसती बघत राहिली. त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काखेतली भरलेली घागर मातीत ओतून दिली. परत हापशाखाली धरली. आतून बाहेरून विसळली, हात धुतले आणि नव्यानं भरली.

बायका ओरडल्या. पाणी सांडलं म्हणून ओरडल्या. दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी अक्षर काढलं नाही.

दुपारी मी त्याला कॉलेजच्या फाटकाशी गाठलं. "आईसमोर मी काय करणार होतो?" तो म्हणाला. "आता बोलत जाऊ नकोस माझ्याशी." एवढं बोलून सायकलवर बसून गेला.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. जेवण घशाखाली उतरत नव्हतं. झोप लागायची आणि डोळा उघडला की क्षणभर काही आठवायचं नाही, मग एकदम सगळं आठवायचं. तो क्षण रोज यायचा. मनात सारखी तीच उलटतपासणी: मी घागर जरा मागं ठेवली असती तर? त्याची आई आलेली बघून मीच उठले असते तर? दोष शोधायचा आणि तो स्वतःतच शोधायचा, हे काम मी रात्रंदिवस करत होते. पाण्याला जाणं मी बंद केलं. माय एकटी जाऊ लागली.

मायला हापशावरच सगळं कळलं होतं. ती जे बोलली ते प्रेमापोटीच बोलली, पण त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. "ईसर आता त्याला." "त्याच्यापरीस चांगले धा मिळतील." "लोकाच्या घरात दाणा न्हाई पाणी न्हाई, अन् तू कशापायी रडून राहिलीस?" दुष्काळ पडलाय म्हणून माझं दुखणं रांगेत मागं उभं राहायला तयार नव्हतं, त्याला मी काय करू?

तेवढ्यात बिलोलीहून आत्या आली. तिच्याकडे स्थळ होतं. मुलगा नोकरीला, आपल्यातलाच, घरचं बरं. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी मी ताडकन म्हणाले, "करा. लवकरात लवकर करा." आत्याला माझ्यात एकदम शहाणपण दिसलं. तिनं पुढच्या आठवड्यात पाहुण्यांना आणायचं ठरवूनही टाकलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो नवरा मुलगा नव्हताच. वरात त्या माडीच्या घरावरून जातेय आणि तो खिडकीत उभा आहे, एवढंच दिसत होतं.

बाबा टँकरच्या कामावर साहेबांना घेऊन गावोगाव फिरत होते. ते रविवारी दुपारी घरी आले आणि मायनं त्यांना सगळं सांगितलं. ऐकल्या ऐकल्या ते चप्पल घालून निघाले. "मी जातो त्याच्या दारात. सगळ्या गल्लीसमोर ईचारतो." मी अंथरुणातून किंचाळले, "त्याला काही बोलायचं नाही!" माझं मलाच नवल वाटलं. ज्यानं घागर विसळली त्याचीच बाजू घेत होते मी. बाबा दारात थांबले. मग त्यांनी चप्पल काढली आणि माझ्याजवळ येऊन भुईवर बसले.

"बरं. न्हाई बोलत. तू सांग, मी ऐकतो."

मी सांगितलं. शेंगदाण्यांपासून सांगितलं. ते मध्ये फक्त "हं" आणि "मग?" म्हणत होते. मी वाट बघत होते, आता म्हणतील 'आपली पायरी ओळखायची', आता म्हणतील 'याच्यासाठी शिकवतो का'. तसलं काही आलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का? खरं सांग. मी ओरडणार न्हाई."

घरात कुणी हा प्रश्न विचारेल असं मला वाटलं नव्हतं. विचारल्यावर हलकंच वाटलं. मी म्हणाले, "मरावंसं नाही वाटत. पण उठावंसंही वाटत नाही."

"तसं कधी मनात आलंच तर आधी मला सांगायचं. मी कचेरीत असलो तर कचेरीत येऊन सांगायचं. साहेब बसलेला असला तरी."

मग ते बोलले. सावकाश, मध्ये थांबत. "हे बघ पोरी, ह्या दोन गोष्टी हायेत अन् तू त्यांची गाठ मारून बसलीस. एक तुझा अपमान झाला. तो आपल्या सगळ्यांचा झाला, त्याला आपण ताठ उभं ऱ्हाऊन उत्तर देऊ. दुसरं, तुझं माणूस गेलं. त्याला उत्तर न्हाई. ते दुखतं. लई दुखतं, अन् मी काय बी बोललो तरी आज थांबणार न्हाई."

"मग कधी थांबेल?"

"मला ठावं न्हाई. पर रोज थोडं थोडं उतरंल असं समजू नको. एखादा दिस बरा जाईल अन् दुसऱ्या दिशी परत तितकंच येईल. तवा घाबरायचं न्हाई. ते तसंच उतरतं."

मी विचारलं, माझं काय चुकलं? ते म्हणाले, "तुला मानूस आवडला, ह्यात चूक काय हाय? तो घाबरला. ते त्याचं. तुझ्यात काय कमी हाय म्हणून न्हाई झालं ते." त्याला त्यांनी एक शिवी दिली नाही. दिली असती तर मी पुन्हा त्याच्या बाजूनं भांडायला लागले असते.

उठता उठता त्यांनी स्थळाचं काढलं. "तू आत्याला हाव म्हणलीस. कोणाला म्हणलीस?"

मी पांघरूण ओढून घेतलं.

"तो होकार माडीवरच्या पोराला हाय. बिलोलीच्या पोरानं काय गुन्हा केला? दुखून राहिलंय तवर मोठं काय ठरवायचं न्हाई. दोन घास खायचे, आंघोळ करायची, कॉलेजला जायचं. एवढंच ठरवायचं."

"तुम्हाला कसं कळतं हे?"

"कळत कुठं हाय? माझं लगीन ठरलं तवा मला कुनी ईचारलं न्हाई. म्हणून मी तुला ईचारून राहिलो."

त्या संध्याकाळी मी अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच आलं, आणि मी खरंच घाबरले नाही.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. आत्यानं साडी काढून ठेवली होती. मी कॉलेजच्याच कपड्यांत बाहेर आले. मुलगा खाली मान घालून बसला होता, स्वभावानं गरीब दिसत होता. त्याच्या मामांनी नाव-शिक्षण विचारलं. मी बाबांकडे बघितलं. ते काही सुचवत नव्हते, नुसते माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मला आत्ता लग्न करायचं नाही. मी रागात हो म्हटलं होतं. तुम्हाला उगीच एवढ्या उन्हाचं यावं लागलं, माफ करा."

आत्याचा चेहरा पडला. पाहुणे चहा घेऊन, दोन शब्द बोलून गेले. मग तिनं तोंड सोडलं. "पोरीच्या तोंडाला लगाम न्हाई."

"हाव," बाबा म्हणाले. "नसू दे."

आत्या बोचकं बांधून स्टँडवर निघाली, बाबा तिला पोचवायला गेले. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. आत येऊन बसले आणि मला त्या माडीवरच्या मुलाची इतकी आठवण आली की हुंदके आवरेनात. मायनं मला बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, ईसर. ती म्हणाली, "रड. आज बी मीच जाते पाण्याला."

मी उठले. तिच्या हातातली घागर घेतली. तोंड पुसलं नाही. तशीच संध्याकाळच्या पाण्याला हापशावर गेले. बायका होत्या, तो होता. मला बघून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माझे डोळे सुजलेले होते, नाक वाहत होतं, आणि तो अजून मला आवडत होता. मी माझी घागर त्याच्या घागरीला खेटून ठेवली आणि ती पुढं सरकवायला स्वतः उभी राहिले.