शालूची सुई आणि भिकनचं मडकं

भिकनला जनावरातलं कळतं, हे त्याच्या गावात कुणीही सांगितलं असतं. मेंढी नुसती समोरून गेली तरी तिला ताप आहे की पोटात जंत, हे तो बोलायचा आणि ते खरं निघायचं. पण दुष्काळानं कळप विकायला लावला, आणि भिकन बायको-पोरीला घेऊन शहराच्या कडेच्या हर्सूलला दोन खोल्यांत येऊन राहिला. तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. चहूकडं नव्या इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. भिकनला टँकर चालवायचं काम लगेच मिळालं. पाण्यापायी गाव सोडलेला माणूस शहरात दारोदार पाणी वाटत फिरू लागला. नशिबाला चेष्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं.

या सगळ्यात त्याला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. ती म्हणजे त्याची पोरगी, शालू. आठवीतून नववीत गेलेली, अंगानं चांगलीच भरलेली. गावाकडची माणसं वाळल्या कडब्यासारखी झालेली असताना आपलं लेकरू असं गुबगुबीत आहे, याचं त्याला कोण कौतुक. "मेंढरू असो का माणूस, अंगावर असलं म्हंजी तब्येत ठणठणीत," असं तो सांगायचा. ज्या हॉटेलांना तो पाणी द्यायचा, तिथून येताना शालूसाठी थंड पेयाची बाटली आणि क्रीमची बिस्किटं ठरलेली. गावाकडं ही पोर शाळा सुटली की मेंढरांमागं रानभर पळायची. इथं पळायचं कुठं? ती टीव्हीसमोर बसायची आणि खायची.

तिची आई मंजुळाबाई मात्र एका गोष्टीनं वैतागली होती. शालूच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा उमटला होता. काखेतही तसंच. मंजुळाबाईची खात्री होती की हा मळ आहे. टँकरच्या पाण्यात दोन तांब्यांची अंघोळ, मग मळ साठणार नाही तर काय? दर रविवारी ती पोरीला मोरीत बसवून टाचा घासायच्या वजरीनं मान घासायची. मान लाल व्हायची, काळं काही जायचं नाही.

"माय, दुखतंय," शालू म्हणायची.

"दुखू दे. टँकरवाल्याची पोरगी अन् मान बघा, असं म्हणत्यात लोक."

उन्हाळा तापला आणि शालूची तहान वाढली. आधी कुणाला नवल वाटलं नाही, कारण तहान सगळ्यांनाच होती. पण ही कळशीच्या कळशी संपवू लागली, आणि रात्री सारखी मोरीकडं उठू लागली. मांडीवरचं गळू बसेना. लघवीच्या जागी खाज येते, हे तिनं लाजत लाजत आईला सांगितलं. मंजुळाबाईनं हळद लावली आणि पाण्यावरून मात्र तिला रागावली. पाणीवाल्याच्या घरात पाण्यावरून भांडण.

मग एका सकाळी भिकन तोंड धुवायला मोरीत गेला आणि जागीच थबकला. मोरीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती.

या मुंग्या त्यानं आधी पाहिल्या होत्या, बहिणीच्या घरी. बहिणीचा मुलगा खंडेराव लहानपणीच वाळून काटकी झाला होता, आणि लघवीतून साखर जायची म्हणून त्यांच्या मोरीतही अशाच मुंग्या लागायच्या. त्याला लहान मुलांची साखर निघाली. रोज सुया सुरू झाल्या. पुढं कुणा जडीबुटीवाल्यानं सांगितलं, सुई सोडा, काढा घ्या. सुई सोडली आणि पोर दोन दिवसांत धापा टाकत बेशुद्ध पडलं. दवाखान्यात कसंबसं वाचलं. त्या वेळी भिकननं खंडोबाचा भंडारा कपाळाला लावून शपथ घेतली होती, या घरात सुई कधी सुटणार नाही. खंडेराव आता कॉलेजात होता आणि स्वतःच्या हातानं सुई टोचून घेत होता.

भिकननं त्या दिवशी टँकरची खेप सोडली आणि बायको-पोरीला घेऊन घाटीचा सरकारी दवाखाना गाठला.

लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी शालूची तपासणी केली, वजन-उंची घेतली, आणि मग तिची वेणी बाजूला करून मान पाहिली.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"मळ हाय जी तो," मंजुळाबाई ओशाळून म्हणाली. "लई घासते, पण जात नाय."

"घासू नका. हा मळ नाहीच. अंगात इन्सुलिन जास्त झालं की कातडी अशी होते. पोरगी स्वच्छ आहे."

 मंजुळाबाईनं पदराच्या टोकानं शालूची मान हळूच पुसली, जणू सगळे रविवार पुसून काढायचे होते.

रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. मागच्या तीन महिन्यांची सरासरीही फार वाढलेली. पण रक्तात आम्ल साठलं नव्हतं, हे बरं होतं. मॅडमनी विचारलं, घरात कुणाला साखर आहे का? भिकनच्या आईला होती. पन्नाशीत लागलेली.

"मला वाटतं, शालूलाही तीच आहे. दुसऱ्या प्रकारची, मोठ्या माणसांची म्हणतात ती. आता वजन वाढलेल्या मुलांतही दिसते. खात्रीसाठी रक्ताची एक तपासणी पाठवते. तोवर रोज रात्री एक सुई आणि गोळी."

"सासूबाईच्या उरलेल्या गोळ्या हायत घरी," मंजुळाबाई म्हणाली.

"त्या नको. मोठ्यांची प्रत्येक गोळी मुलांना चालत नाही. आणखी एक ऐका. मुलांत हा आजार मोठ्यांपेक्षा झपाट्यानं पुढं जातो. म्हणून डोळे, लघवी, रक्तदाब आजच तपासू."

भिकननं यातलं एवढंच ऐकलं, की रोज सुई. त्याच्या डोळ्यांपुढं खंडेराव उभा राहिला. आपण लेकराला खाऊ घातलं आणि तेच तिच्या अंगावर आलं, हे त्याला आतून खात होतं.

घरात फ्रिज नव्हता. खंडेरावनंच येऊन तोड काढली. मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन. वाळू सतत ओली ठेवायची. पाण्याच्या थेंबाला भांडणाऱ्या त्या घरात भिकन सकाळ-संध्याकाळ त्या वाळूवर पाणी शिंपडायचा, आणि मंजुळाबाई त्याला कधी अडवायची नाही. शालूला सुई टोचायला खंडेरावनं शिकवलं. पोरगी पहिल्या दिवशी रडली, मग नाही.

थंड पेयं बंद झाली. एकट्या शालूची नव्हे, सगळ्या घराची. मॅडमनी तसंच बजावलं होतं, की एका ताटात भाकरी आणि दुसऱ्या ताटात वडापाव असं चालणार नाही. रोज तासभर दम लागेल असं चालायचं. बापलेक संध्याकाळी हर्सूलच्या तलावाकडं जायचे. तलाव कोरडा पडला होता, तळाची माती भेगाळलेली. त्या तळावरूनच दोघं चालायची. भिकन मेंढरं हाकल्यासारखा "हुर्र" करायचा आणि शालू चिडून पुढं पळायची. हेच तर त्याला हवं असायचं.

डोळे, लघवी, रक्तदाब ठीक निघाले. साखर उतरू लागली. रक्ताचा अहवाल आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अंदाज खरा निघाला, दुसरा प्रकारच आहे. आता गोळी वाढवू आणि सुई निम्मी करू. पुढं ती बंदही होईल."

भिकन मान डोलावत बाहेर आला, पण त्याच्या मनात काही वेगळंच होतं. सुई बंद? हेच तर त्या जडीबुटीवाल्यानं सांगितलं होतं. गोळी त्यानं मॅडमनी सांगितल्याप्रमाणं वाढवली. सुई मात्र त्या रात्री आणि पुढंही पहिल्याएवढीच भरली. शालूनं विचारलं तर म्हणाला, "मला समजतंय. तू गप बस." ज्याला मेंढरातलं समजतं त्याला सगळंच समजतं, असा त्याचा हिशोब.

दोनचार दिवसांनी तलावाच्या तळावर चालता चालता शालू खाली बसली. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरणारे. "आबा, कसंतरी होतंय. भूक लागलीय लई." तिचं बोलणं अडखळत होतं.

भिकनला वाटलं, साखर चढली. आता सुई द्यावी लागणार. तिला उचलून घराकडं पळावं, म्हणून तो वाकला. पण शालूनंच कमरेच्या पिशवीतलं साखर मोजायचं यंत्र काढलं, बोट टोचलं आणि आकडा त्याच्यापुढं धरला. साखर चढली नव्हती, पार खाली गेली होती.

"आबा, साखरेची पुडी," ती म्हणाली.

मॅडमनी अशा वेळेसाठी पुडी जवळ ठेवायला सांगितली होती. भिकननं ती बाटलीतल्या पाण्यात विरघळवली आणि तिला पाजली. तो भेगाळलेल्या मातीवर तिच्याशेजारी बसून राहिला. हळूहळू तिचा घाम ओसरला, थरथर थांबली. तिनं पुन्हा बोट टोचलं. आकडा वर आला होता. 

सकाळी तो मॅडमपुढं उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. खंडेरावचं, भंडाऱ्याच्या शपथेचं, पूर्ण भरलेल्या सुईचं. मॅडम रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी त्याला बसायला सांगितलं.

"टँकर चालवता ना? मग असं बघा. खंडेरावच्या गल्लीत टँकर येतच नाही. शरीर इन्सुलिन बनवतच नाही, म्हणून ते रोज बाहेरून आणावं लागतं, जन्मभर. ते सोडलं की जीवावर बेततं. तुमची शपथ त्याच्यासाठी खरी आहे. शालूच्या गल्लीत टँकर येतो, जरा जास्तच येतो. पण टाक्यांची झाकणं जाम झालीत, पाणी आत जात नाही. सुरुवातीला जास्तीचा टँकर पाठवून वेळ निभावली. आता चालणं, खाणं आणि गोळी यांनी झाकणं सैल होतायत. तरी तुम्ही टँकर ओततच राहिलात. मग काल पूर आला."

 टँकरचं भिकनला बरोबर कळलं.

"म्हंजी सुई सोडली तरी माझी पोरगी पडणार नाय?"

"मी सांगेन तशी सोडली तर नाही. पण गोळी आणि चालणं सोडायचं नाही, तपासणीला यायचं. साखर पुन्हा चढली तर सुई पुन्हा सुरू करू. त्यात हरल्यासारखं काही नाही."

सुई उतरत गेली आणि पावसाळ्याच्या तोंडाला थांबली. शालूची सलवार सैल झाली. मानेचा पट्टा होता तिथंच होता, थोडा फिका पडलेला. तो हळूहळू जातो असं मॅडमनी सांगितलं होतं. मंजुळाबाईनं वजरी तिच्या स्वतःच्या टाचांसाठी ठेवली.

मडकं रिकामं झालं, तरी भिकन सकाळी उठून वाळूवर पाणी शिंपडायचाच. मग मोरीपाशी उकिडवा बसून कडा न्याहाळायचा. शालू आता रात्री उठत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो बघायचा.

असाच एकदा तो बसला आणि उठेचना. मंजुळाबाई खरकटी भांडी घेऊन मागं उभी राहिली. त्याचे डोळे वाहत होते.

"काय झालं? पुन्हा लागल्या का?"

"एक बी नाय," भिकन म्हणाला. "एक बी मुंगी नाय."

मंजुळाबाईनं भांडी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "मंग उठा आता. मला भांडी घासायचीत."