सासूबाईंच्या दगडावरच्या दोन ओळी

माझ्या सासऱ्यांनी छापखान्यात चाळीस वर्षं अरबी खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर स्वतःच्या हाताने ओळीत बसवायचं काम, त्यामुळे दुसऱ्याने बसवलेल्या अक्षरावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. दुसऱ्याने लावलेल्या कुलपावरही नाही. मी लावलं की ते उठून ओढून बघतात.

सासूबाई गेल्या. कबरीचा दगड कोरणारा म्हणाला, "मजकूर फोनवर टाइप करून पाठवा. जे येईल तेच कोरणार." दगडावरची चूक खोडता येत नाही. सासऱ्यांची झोपच उडाली.

मी त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डच्या भाषांत अरबी जोडली. त्यांनी एक अक्षर टाकलं, पुढे दुसरं टाकलं आणि ओरडले, "सूनबाई, याने माझं पहिलं अक्षर बदललं!"

"बाबा, शेजारी कोणतं अक्षर आलंय ते बघून फोनच आकार बदलतो. सुरुवातीचा, मधला, शेवटचा."

"आकार मला शिकवतेस? छापखान्यात तो मी निवडायचो. हा कोण लागून गेला?"

मी भाजी चिरायला गेले, तेवढ्यात त्यांनी गुपचूप प्रत्येक अक्षरामागे स्पेस दिली. अक्षरं सुटी सुटी उभी राहिली, भांडण झालेल्या भावंडांसारखी. "बघ, आता एकही हलत नाही!" म्हणाले. मी एकेक स्पेस काढली, तशी अक्षरं पुन्हा जोडली गेली. मला हसू येत होतं आणि रागही.

मग जबर, जेर, पेश, म्हणजे उच्चार सांगणाऱ्या वरखालच्या खुणा. आधी अक्षर, मग खुणांची कळ दाबून धरायची आणि उघडलेल्या पट्टीतून हवी ती निवडायची. एक जेर चुकली म्हणून त्यांनी खोडायची कळ दाबली. खूण गेली, अक्षर राहिलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी चष्मा पुसत होतो तेव्हा तू काय केलंस?"

"मी हातसुद्धा लावला नाही!" मी चिडलेच. "खूण वेगळी टाकलीत, म्हणून खोडताना ती आधी जाते. घ्या, पुन्हा टाका."

संध्याकाळी मजकूर गेला. दुसऱ्या दिवशी कोरणाऱ्याने त्याचा मोठा छाप कागदावर पाठवला. खाली लिहिलं होतं, "बरोबर असेल तर सही करा, लगेच छिन्नी लावतो."

सासरे भिंग घेऊन बसले. शाई पसरलीय म्हणाले, पुसून पाहिली, पसरलेली नव्हती. एक खूण सरकलीय म्हणाले, पट्टी लावली, ती जागेवरच होती. कागद उलटा धरून उजेडातही पाहिला. दुपार टळली, तरी सही नाही.

मी वैतागून म्हटलं, "बाबा, कुठे चूक आहे ते तरी सांगा."

"एकही नाही," ते म्हणाले. भिंग तसंच हातात होतं. "निदान एक तरी सापडायला हवी होती गं. सही केली, की तुझी सासू खरंच गेली."