पाणमांजरं कुठे बुडी मारतात

नागपूरहून बेंगळुरूला आले तोवर मी समुद्र दोनदाच पाहिला होता, आणि नोकरी मिळाली ती समुद्राचा तळ मोजण्याची. हेब्बाळच्या एका संशोधन संस्थेत बसून मी दूरच्या थंड किनाऱ्यावर पाणबुड्यांनी काढलेले व्हिडिओ बघायचे. केल्प हे खरं तर समुद्री शैवाल, पण झाडाएवढं उंच. व्हिडिओत त्याची जंगलं पाण्यात डुलत. शेजारीच नुसता खडक आणि त्यावर सी अर्चिन या जांभळ्या, काटेरी, चेंडूसारख्या प्राण्यांचा सडा. केल्पचा बुंधाच कुरतडून त्यांनी जंगल संपवलेलं.

आमच्या प्रमुख बाई इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्या मराठीत मधूनच कानडी शब्द यायचे. व्हिडिओतल्या त्या थंड पाण्यात त्यांनी स्वतः बुड्या मारल्या होत्या.

त्या किनाऱ्यावरच्या एका उपसागरात पाणमांजरं परतली होती. ती अर्चिन खातात. ती कुठे बुडी मारतील याचा अंदाज नकाशावर रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी बेधडक उजाड खडक रंगवला. अर्चिन तिथेच सगळ्यात जास्त ना!

अक्कांनी नकाशा पाहिला. "स्वल्प थांब. किनाऱ्यावरच्या निरीक्षकांच्या नोंदी याच्यावर लावून बघ."

लावल्या, तर जवळजवळ सगळ्या बुड्या उरल्यासुरल्या जंगलात. मला वाटलं, नोंदींतच घोळ झालाय. दोन दिवस एकेक ठिकाण तपासलं. घोळ नव्हता. शेवटी हात टेकून त्यांच्याकडे गेले.

त्यांनी एक जुना व्हिडिओ लावला. पाणबुड्यानं जंगलातला अर्चिन फोडला, आत पिवळीधमक अंडाशयं गच्च; अर्चिनात खाण्याजोगं तेवढंच. मग खडकावरचा फोडला. आत जवळजवळ काहीच नाही.

"उपाशी आहेत," अक्का म्हणाल्या. "तसेच वर्षानुवर्षं जगतात. पण पाणमांजराला त्यातून काय मिळणार?"

"मग ती उजाड भाग सुधारणारच नाहीत?"

"थेट नाही. पण उरलेलं जंगल राखतात. तिथून बीजाणू पसरतात. रोगानं, वादळानं खडकावरचे अर्चिन घटले, की नव्या केल्पला जागा मिळते." मग हसून म्हणाल्या, "मीही पहिल्यांदा खडकच रंगवला होता."

एवढं मोठं माणूस इतक्या सहज सांगून गेलं. त्यांनी उत्तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर ते मी लिहून घेतलं असतं आणि विसरले असते.

पाहुण्या शास्त्रज्ञांसमोर नकाशा त्यांनी मलाच मांडायला लावला. "शोधलं हिनं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षीच्या व्हिडिओत जंगलाच्या कडेला, अर्चिन विरळ झालेल्या खडकावर, वीतभर उंचीचे केल्पचे कोंब दिसले. मी धावत अक्कांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला नाक लावलं.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "आता मोज. आणि दोनदा मोज."

चौदा निघाले. दोन्ही वेळा.