एका अक्षराचा नकार

आमच्या घरात तेव्हा एकच मोबाइल होता आणि तो माझ्या खिशात असायचा. गाडी मात्र बायको चालवायची. गाझियाबादच्या नव्या वस्तीत बस धड येत नसे, म्हणून मुलीची शाळा, भाजी, दवाखाना सगळं तिच्याच हातात. मी ऑफिसच्या चार्टर्ड बसने दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर जायचो आणि गाडीबद्दलची अक्कल सगळ्यांना फुकट वाटायचो.

सर्व्हिस सेंटरचा मेसेज आदल्या संध्याकाळी आला. मी तो चहा पिताना मोठ्याने वाचला. गाडी सकाळी साडेनऊला सोडा, पाचपर्यंत तयार होईल, जास्तीचं काम निघालं तर याच मोबाइलवर विचारू, हो असेल तर वाय, नाही तर एन असं उत्तर पाठवा, उत्तराशिवाय काम करणार नाही.

"काही विचारलं तर नीट वाचा हो," बायको म्हणाली.

"वाचायचं काय त्यात? हे लोक नसलेलं दुखणं काढतात. नाही म्हणायचं, विषय खलास!"

दुसऱ्या दिवशी तिने गाडी सोडली. दुपारी मी मीटिंगमध्ये असताना फोन थरथरला. त्या इवल्याशा स्क्रीनवर जेमतेम तीन ओळी मावायच्या. 'जास्तीचं काम' एवढं दिसलं. टेबलाखालीच एन दाबून पाठवून दिला आणि शेजारच्या सहकाऱ्याला डोळा मारला. काय तो रुबाब!

मीटिंग संपायला साडेपाच झाले. फोनवर सर्व्हिस सेंटरचे दोन मिस्ड कॉल होते. आता आणखी काय विकताय, असं पुटपुटत मी तो दुपारचा मेसेज उघडला आणि पहिल्यांदाच खाली सरकवला. पुढचे ब्रेक पॅड पूर्ण झिजलेत, ब्रेकचं तेल गळतंय, गाडी चालवणं धोक्याचं, काम करू का?

आणि त्याच्या खाली माझा एन.

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते मला त्या कॉरिडॉरमध्ये कळलं. बायको मुलीला शाळेतून घेऊन थेट पाचला गाडी आणायला जाणार होती. परतीचा रस्ता ट्रकांचा. मी सेंटरला फोन लावला.

"मॅडम आयी थीं सर, बच्ची के साथ. निकल गयीं," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"गाड़ी लेकर?"

"वो तो अ‍ॅडव्हायजर को पता होगा सर. वो भी घर चले गये."

घरचा फोन नुसता वाजत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी भाडं न ठरवता टॅक्सीत बसलो. गाझियाबादेत शिरल्यावर एका पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. पुढे गर्दी दिसली, एक पांढरी गाडी आडवी उभी. आमचीही पांढरीच. मी दार उघडून धावत सुटलो. टायर फुटला होता, दुसऱ्याच कुणाचा. तिथे रस्त्यात उभ्या उभ्या मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगायची आजही लाज वाटते.

घराचं दार मुलीनेच उघडलं. मी तिला उचललं, तर तीच घाबरली.

"बाबा, आम्ही ऑटोने आलो! अंकल बोलले इथे साइन करा, आई बोली, बिल्कुल नाही!"

बायको आतून आली. तिने माझं तोंड पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग जॉब कार्डाची प्रत टेबलावर ठेवली. त्यावर लिहिलं होतं, ब्रेकचं काम ग्राहकाने नाकारलं. खाली सहीची जागा कोरी होती.

"गाडी न्यायची तर इथे सही करा म्हणाले. मी म्हटलं, मी नाकारलेलं नाही, काम करा. तर म्हणे, ज्या मोबाइलवरून नकार आला त्याच मोबाइलवरून होकार लागेल. तुम्हाला दोनदा फोन लावायला सांगितला. गाडी तिथेच सोडून आले."

मी नुसता "चुकलो" म्हणालो.

"चुकलो काय? हिला मागच्या सीटवर बसवून मी रोज त्या रस्त्याने जाते. नाही म्हणताना आम्ही दोघी तुमच्या डोळ्यांपुढे होतो तरी का?"

मी "नाही" म्हणालो. तेवढं एक उत्तर मी त्या दिवशी विचार करून दिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. तिने सेंटरला पुन्हा पाठवायला सांगितलेला तोच मेसेज आला होता. मी तो शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला आणि फोन तिच्या हातात दिला. वाय तिने दाबला. मग फोन तिने आपल्या पर्समध्ये टाकला, आणि मी तो परत मागितला नाही.