भिंतीतला होल्डर

शिरूरच्या आमच्या घराचं बाथरूम चार बाय चारचं. प्लंबर म्हणाला होता, "रॉड लावा, हँडशॉवरचा होल्डर खाली-वर सरकतो. पाइप दीड मीटरचा घ्या."

थोरले दीर सहा फुटी. त्यांनी होल्डर स्वतःच्या डोक्याच्याही वर, भिंतीत पक्का ठोकून घेतला. पाइप मीटरभराचाच. म्हणे, "लांब पाइप पायात येतो."

माझा हात पोचेना. "मग पाटावर उभी ऱ्हा की," ते सगळ्यांसमोर हसले. सात वर्षं मी त्या निसरड्या पाटावर चढून अंघोळ केली.

मग त्यांचा गुडघा मोडला. स्टुलावर बसल्यावर शॉवर हाताला लागेना.

"प्लंबरला बोलव. रॉड लावू, लांब पाइप घेऊ," ते आतून ओरडले.

"पायात येईल, भावजी," मी म्हणाले आणि किलकिल्या दारातून पाट आत सरकवला.